रात्रीच्या पाळीची चिठ्ठी

(लांजी येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

बाघ नदीच्या अलीकडे बालाघाट जिल्हा आणि पलीकडे गोंदिया जिल्हा. राज्ये दोन असली तरी सोयरीक एकच आहे. लांजीच्या परिसरातील कितीतरी सुना पलीकडच्या गावांतून आलेल्या आहेत आणि इकडच्या कितीतरी लेकी तिकडे नांदत आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल दोन्ही तीरांवर आहे. लेक माहेरी जाते, तेथे प्रसूत होते आणि साधारणपणे सव्वा महिन्याने, काही घरांत तीन महिन्यांनी, तान्ह्या बाळासह सासरी परत येते. या चालीचे पुष्कळ कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे, तिचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही. माहेरी बाळंतिणीच्या उशाशी तिची आई निजते. रात्री बाळ रडले की प्रथम आई उठते, लंगोट बदलते, बाळाला लेकीच्या कुशीत देते, पाजून झाले की खांद्यावर घेऊन ढेकर काढते आणि लेकीला म्हणते, "तू नीज." म्हणजे रात्रीच्या कामाची वाटणी तेथे झालेलीच असते. तिला कोणी वाटणी म्हणत नाही, एवढेच.

सव्वा महिना संपतो, ओटी भरली जाते आणि बाळबाळंतीण नदी ओलांडून सासरी येतात. त्या दिवसापासून रात्रीची ती दुसरी व्यक्ती नाहीशी होते. तिची जागा कोणी घ्यावी, हे कोणीच ठरवलेले नसते.

ही जागा नेमकी कोणत्या वेळी रिकामी होते, ते पाहण्यासारखे आहे. शासनाच्या घरपोच नवजात बालसेवेत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीचीही एक भेट असते. बेचाळिसाव्या दिवसानंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात येते. दुसरी गोष्ट अशी, की बाळाचे रडणे जन्मानंतर आठवड्यागणिक वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पुष्कळ उतरते. निरोगी बाळाचेही असेच असते. तिसरी गोष्ट लसीची. सहाव्या आठवड्यात लसींची पहिली मोठी फेरी येते आणि त्या रात्री अंग थोडे तापून बाळ किरकिर करू शकते. म्हणजे आईची आई दूर राहिली, आशाताईच्या नवजात भेटी संपल्या आणि रडणे शिगेला पोहोचले, हे तिन्ही एकाच पंधरवड्यात घडते. वैद्यकशास्त्र अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणते. घराच्या झोपेचा हिशेब केला तर मात्र खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते.

येथे एक घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणू. नवरा धानाची शेती करतो. बाळ कार्तिकात नदीपलीकडे जन्मले आणि मार्गशीर्षात घरी आले. खळ्यावर धान चुरणे चालू आहे, खरेदी केंद्रावर माल न्यायचा आहे. नवरा पहाटे पाचला उठतो आणि दिवेलागणीला अंग मोडून घरी येतो. घरात सासू आहे. तिचे गुडघे दुखतात आणि ती लवकर निजते. बाळ पंचेचाळीस दिवसांचे आहे, अंगावर पिते, वजन वाढते आहे. घर चांगले आहे, कोणी कोणाला वाईट वागवीत नाही. तरीही आठ-दहा दिवसांत सून इतकी थकली, की चुलीवर दूध ठेवून ती विसरली आणि एका रात्री बाळ मांडीवर असताना भिंतीला टेकून बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

ती इतकी का थकली? तान्ह्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. त्याचे पोट लहान असते आणि रात्र कोणती, दिवस कोणता, याची घडी त्याच्या शरीरात पहिले दोन-तीन महिने बसलेली नसते. या घरात बाळ रात्री साडेअकराला, दोनला आणि साडेचारला उठे. प्रत्येक वेळी प्रत्यक्ष पाजण्यास वीस-पंचवीस मिनिटेच लागत. पण त्याआधी ओला लंगोट बदलणे, मागून ढेकर काढणे, मग फेऱ्या मारीत थोपटणे आणि अंथरुणावर ठेवताच पुन्हा जागे झाले तर पुन्हा उचलणे, असा सगळा मिळून तास जाई. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांतून तीन तास असे गेले. उरलेल्या पाचांतून पुन्हा झोप लागेपर्यंतचा वेळ वजा केला तर जेमतेम चार तास उरले, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. सलग दीड तासाहून मोठा तुकडा एकही नाही. झोपेची बेरीज एकवेळ भरूनही निघते, परंतु दर दीड तासाने मोडणारी झोप माणसाला विश्रांती देत नाही. चिडचीड, विसराळूपणा आणि कारण नसता येणारे रडू यांचे मूळ पुष्कळदा या तुकड्यांत असते.

या हिशेबातच उपायही आहे. दूध आईचे आहे, त्याची वाटणी होत नाही. पण त्या एका तासात दुधाची मिनिटे वीस-पंचवीसच आहेत. उरलेली पस्तीस-चाळीस मिनिटे कोणाचीही असू शकतात. "बाळ अंगावर पिते, मग रात्री मी उठून काय करणार?" असे अनेक पुरुष प्रामाणिकपणे विचारतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर या पस्तीस-चाळीस मिनिटांत आहे.

हे नवऱ्याला सांगावे कसे? येथे बहुतेक घरे अडखळतात. ज्या वेळी सांगावेसे वाटते, ती वेळ रात्री तीनची असते. त्या वेळी तोंडून निघालेले शब्द शेजारच्या खोलीतील सासूलाही ऐकू जातात. दिवसा माणसे भोवती असतात, वडीलधाऱ्यांसमोर हा विषय काढणे सुनेला अवघड वाटते, आणि एकांत मिळाला तर बोलण्याआधी रडू फुटते. अशा वेळी चिठ्ठी कामाला येते. हल्ली ती भ्रमणध्वनीवर लिहिली तरी चालते. मात्र कागदाचा एक गुण असा, की तो लिहिल्याबरोबर आपोआप पोहोचत नाही. देण्यापूर्वी एकदा वाचता येतो.

आपल्या उदाहरणातील सुनेने रात्री तीन वाजता वहीच्या पानावर लिहिले: "तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का? रात्रभर मी एकटीच जागते. तुम्ही कधीच उठत नाही. माझ्या माहेरी असे नव्हते. आईंनाही काही वाटत नाही. पोर माझे एकटीचे आहे का?"

यातील एकही वाक्य लबाडीचे नाही. तरीही ही चिठ्ठी दिली असती तर काम झाले नसते. "कधीच" या शब्दावर नवरा अडला असता. परवा एकदा तो उठला होता, तेच त्याने धरून ठेवले असते. माहेरच्या उल्लेखाने वाद दोन घरांचा झाला असता. सासूचे नाव आल्यावर त्याला आईची बाजू घेणे भाग पडले असते. सर्वांत मोठी उणीव अशी, की त्याने नेमके काय करावे, हे सहा वाक्यांत कोठेच नाही. वाचून तो दोषी ठरतो, पण आज रात्री साडेआठला काय करायचे, ते त्याला कळत नाही.

तिने ते पान उशाखाली ठेवले, आणि हे चांगले केले. रात्री लिहिलेले रात्री देऊ नये. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूने बाळाला तासभर घेतले, सुनेला एक झोप मिळाली आणि उठल्यावर तिने दुसरे पान लिहिले:

"अहो,

बोलायला बसले की रडू येते, म्हणून लिहिते. धान चुरण्याचे दिवस आहेत, तुम्ही पहाटेपासून खळ्यावर असता, हे मी बघते.

काल रात्री बाळ साडेअकराला, दोनला आणि साडेचारला उठले. दर वेळी तासभर गेला. मला सलग दीड तासही झोप मिळाली नाही. परवा बाळ मांडीवर असताना बसल्या बसल्या माझा डोळा लागला. त्याची मला भीती वाटते.

पाजायचे काम माझे आहे, ते मी करीन. पण जेवणे झाली की साडेआठपासून बाळ तुम्ही सांभाळाल का? भूक लागली की माझ्याकडे आणून द्यावे, पाजून झाले की ढेकर काढून, थोपटून निजवावे. मग तुम्ही पलीकडच्या खोलीत निजा. दोनला मी उठेन, तुम्हाला उठवणार नाही.

सात रात्री करून बघू. तुम्हाला दुसरी वेळ बरी पडत असेल तर सांगा. आईंना तुम्हीच सांगितले तर बरे होईल."

दुसरे पान पहिल्याहून लांब आहे, पण त्यात तक्रार कमी आणि घड्याळ जास्त आहे. नवऱ्याच्या श्रमाचा उल्लेख खरा आणि एका वाक्याचा आहे. तो लांबला असता तर खुशामत वाटली असती. "मी फार थकते" असे न लिहिता तिने कालच्या रात्रीच्या वेळा लिहिल्या. थकव्याशी तुलना होऊ शकते, "मीही थकतोच" असे म्हणता येते. वेळांशी वाद घालता येत नाही. भीती वाटते हे तिने लपवले नाही. मागणी एकच केली, आणि ती कोठे सुरू होते, कोठे संपते ते सांगितले. तिच्यात नवऱ्याच्याही झोपेची सोय ठेवली. सात रात्रींची मुदत घातल्यामुळे हो म्हणणे सोपे झाले. सासूला सांगण्याचे काम मुलाकडे सोपवले. कारण तीच गोष्ट सुनेच्या तोंडून आली तर हुकूम वाटते आणि मुलाच्या तोंडून आली तर घरची व्यवस्था वाटते. हे न्याय्य आहे असे नव्हे, पण घरे अशीच आहेत.

नवऱ्याने पान वाचले आणि दोन दिवस काही बोलला नाही. पुरुषाच्या अशा गप्प राहण्याचा अर्थ नकार असतोच असे नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आपली अडचण सांगितली. सकाळी ट्रॅक्टरवर बसायचे असते, अर्धवट झोपेत ते धोक्याचे आहे. मधल्या रात्री उठणे त्याला जमणार नाही. पण पाचला तो उठतोच, तेव्हा पहाटेही तासभर बाळ घेईन, असे तो म्हणाला. मागितले होते त्याहून थोडे अधिकच मिळाले. पण ते मिळाले याचे कारण चिठ्ठीत त्याला वेळ निवडण्यास जागा ठेवली होती.

मग रात्रीची मांडणी अशी झाली. आठ वाजता सून बाळाला पाजते आणि साडेआठला अंग टाकते. भांडी सकाळपर्यंत पडून राहिली तरी चालतील, असे ठरले. बाळ बापाजवळ, मधल्या खोलीत. अकराच्या सुमारास ते भुकेने चुळबुळ करू लागते. हात तोंडात घालणे, तोंड इकडेतिकडे वळवणे ही भुकेची पहिली खूण. रडणे ही शेवटची. बाप लंगोट बदलून त्याला आईजवळ देतो, अर्ध्या तासाने परत घेतो, खांद्यावर उभे धरून ढेकर काढतो, थोपटून निजवतो आणि आईजवळच्या अंथरुणावर ठेवतो. पावणेबारापासून पाचपर्यंत त्याची झोप अखंड. दोनचे आणि पावणेपाचचे पाजणे आई पाहते. पावणेपाचला पाजून होते न होते तोच बाप उठतो, बाळ घेतो आणि आई सव्वापाच ते पावणेसात पुन्हा निजते. आता सुनेच्या वाट्याला साडेआठ ते अकरा, पावणेबारा ते दोन, तीन ते पावणेपाच आणि सव्वापाच ते पावणेसात असे चार तुकडे आले. डोळा लागेपर्यंतचा वेळ सोडला तरी सात तासांच्या आसपास झोप झाली, आणि तुकडे पूर्वीपेक्षा मोठे झाले. नवऱ्याला सलग सव्वापाच तास मिळाले. त्याचीही झोप कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुपारी खळ्यावर अर्धा तास आडवे होऊन तो ती भरून काढू लागला.

येथे एक सूचना आवश्यक आहे. अशी वाटणी करताना, "रात्रीचे पाजणेच बंद करू, वरचे दूध देऊ, म्हणजे सर्वांनाच झोप मिळेल" असा सल्ला कोणीतरी हमखास देतो. तो मानू नये. दूध निर्माण करणारा शरीरातील स्राव रात्री अधिक असतो. रात्रीचे पाजणे तुटले तर दूध आटू लागते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचीही गरज नसते. आईला एखाद्या रात्री खरोखरच लांब झोप हवी असेल, तर सहा आठवड्यांनंतर, दूध चांगले येऊ लागल्यावर, स्वच्छ हातांनी दूध काढून उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे. थंडीत, खोली पंचवीस अंशांहून गरम नसेल तेव्हा, ते चार तास चांगले राहते. उन्हाळ्यात त्याचा इतका भरवसा धरू नये. ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा आपल्या आजीच्या काळच्या बोंडल्याने द्यावे. दवाखान्यांत अशक्त बाळांना आजही असल्याच पसरट तोंडाच्या भांड्याने पाजतात. बोंडले माळ्यावर टाकून प्लॅस्टिकची बाटली आणण्यात शहाणपण नाही. बाळाला दूध पुरते की नाही, हे बापालाही ओळखता येते, कारण लंगोट तोच बदलत असतो. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले झाले आणि वजन वाढत राहिले, तर दूध पुरते आहे.

सात रात्री सुरळीत गेल्या नाहीत. पहिल्या तीन रात्री बाळ बापाजवळ अधिकच रडले. त्याला आईचा वास आणि हात ओळखीचे होते, बापाचे नव्हते. सून आतून ऐके, तिच्याने राहवेना, ती उठून येई आणि "असे धरू नका, तसे धरा" म्हणे. झोप तर गेलीच, शिवाय नवऱ्याचा हातही बसेना. पुष्कळ घरांत ही व्यवस्था नेमकी येथे मोडते आणि नवऱ्याला जमत नाही, असा निष्कर्ष निघतो. खरे तर त्याला पाच-सहा रात्री द्याव्या लागतात. दिवसाउजेडी एकदा, बाळ खूश असताना, लंगोट कसा बांधायचा, मान कशी सावरायची, ढेकर कशी काढायची हे दाखवून घ्यावे आणि रात्री त्याच्यावर सोपवावे. उघड्या छातीशी लंगोटातले बाळ लावून वरून दोघांभोवती शाल घेतली, तर थंडीत बाळ उबदार राहते आणि शांतही लवकर होते. कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत आज दवाखान्यांतही शिकवतात आणि तेथे बापालाही छातीशी बाळ घेऊ देतात. 1978 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात, उबपेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉक्टरांनी ती प्रथम वापरात आणली.

चौथ्या रात्री याच रीतीने बाळ निजले, आणि त्याबरोबर बापालाही खाटेवर टेकून झोप लागली. सासूने पाहून बाळ उचलले. काही झाले नाही, पण होऊ शकले असते. बाळ छातीवर किंवा मांडीवर असताना बसल्या बसल्या झोप लागणे ही तान्ह्या बाळाच्या बाबतीत फार धोक्याची स्थिती आहे. बाळ घसरते किंवा त्याचे नाक दाबले जाते. ज्याची पाळी आहे त्याला पेंग येऊ लागली, तर बाळ सपाट, फार मऊ नसलेल्या अंथरुणावर उताणे ठेवावे, तोंडाजवळ उशी किंवा गोधडी असू नये, आणि मग खुशाल आडवे व्हावे. झोळी थोपटण्यापुरती चांगली. रात्रभराची झोप सपाट अंथरुणावर असावी. ज्याने मोहाची किंवा कोणतीही दारू घेतली असेल, त्याने त्या रात्री पाळीही घेऊ नये आणि बाळाजवळ निजूही नये. पौषातील थंडीत बंद खोलीत पेटती शेगडी ठेवण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो निजलेल्या माणसाला जागे होऊ देत नाही.

सासूची हरकत वेगळीच होती. दिवसभर राबून आलेल्या मुलाने घाणेरडे लंगोट हाताळावे, हे तिला पटेना. तिला वादाने पटले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सुनेच्या चेहऱ्यात आणि बोलण्यात फरक दिसला तेव्हा ती स्वतःच म्हणाली, की आठ ते नऊ बाळ माझ्याकडे द्या, तोवर त्याला शांतपणे जेवू दे. वडीलधाऱ्यांना बाजूला सारून ही व्यवस्था टिकत नाही. त्यांच्याही वाट्याला काही दिले की ती पक्की होते.

बाळ काही केल्या गप्प होईना, अशी एखादी रात्र येतेच. पोट भरलेले आहे, लंगोट कोरडा आहे, अंग तापलेले नाही, तरी रडतेच. अशा वेळी माणसाचा तोल जाऊ शकतो, आईचाही आणि बापाचाही. बाळाला रागाने हलवू नये. जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. त्यापेक्षा त्याला उताणे ठेवून पाच मिनिटे अंगणात जावे, दुसऱ्याला उठवावे. ठरलेली पाळी मोडायची तर ती अशाच वेळी. मात्र बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, स्वस्थ असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, श्वासाबरोबर छाती आत ओढली जात असेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील अथवा झटके येत असतील, तर तो पाळीचा प्रश्न नव्हे. त्याच रात्री दवाखाना गाठावा. लसीनंतर एक-दोन दिवस येणारी हलकी कणकण निराळी. तिच्याविषयी आशाताईला लसीच्या दिवशीच विचारून ठेवावे. आईच्या बाबतीतही मर्यादा ओळखावी. झोपेची सोय झाली तरी पंधरा दिवसांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, बाळ निजले असतानाही झोप येईना किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. आशाताईला सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. 14416 या शासकीय मानसिक आरोग्य क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

या सभेत शिक्षक आणि कर्मचारी बसले आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्र शासनाच्या रजा नियमांत पुरुष कर्मचाऱ्यास, हयात अपत्ये दोनहून कमी असतील तर, पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीपूर्वी पंधरा दिवसांपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते. बहुतेक जण ती जन्माच्याच आठवड्यात घेतात. परंतु पत्नी माहेरी असेल, तर तेथे सासूबाई समर्थ असतात आणि जावईबापू पाहुणचारापुरते उरतात. तीच रजा पत्नी बाळासह घरी परतते त्या दिवसापासून घेतली, तर सर्वांत कठीण पंधरा रात्रींना ती उपयोगी पडते. राज्याचे कर्मचारी व शिक्षक यांनी आपापल्या कार्यालयात लागू असलेला नियम पाहावा.

नवरा नागपूर किंवा हैदराबादकडे कामाला गेला असेल, तर चिठ्ठी कोणाला लिहायची? या भागातील अनेक घरांत हा खरा प्रश्न आहे. तेथे रात्रीची दुसरी व्यक्ती सासू, जाऊ किंवा नणंद असते, आणि साडेआठ ते अकरा ही एकच पाळी तिच्याकडे मागावी. दूर असलेल्या नवऱ्याकडेही एक मागणी करता येते: त्याने स्वतः फोन करून आपल्या आईला किंवा भावजयीला हे सांगावे. तेवढ्या एका फोनाने सुनेचे मागणे सोपे होते.

आपल्या घरातील व्यवस्था माघापर्यंत चालली. बाळाला तीन महिने होत आले तेव्हा ते रात्री एकदा सलग चार-साडेचार तास निजू लागले. मग सुनेने आणखी एक चिठ्ठी लिहिली. ती दोनच ओळींची होती: पहाटेचे आता मी बघेन, तुम्ही सहापर्यंत निजा, रात्रीचे साडेआठचे मात्र तुमच्याकडेच राहू द्या, बाळ तुमच्याजवळ लवकर निजते.